कळसदर्शन

कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा उजाडत होतं. आईनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं आणि साखरेची गोळी पाण्याबरोबर घेऊन टाकली. डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, आदल्या रात्री दादरला निघण्याआधी मी घाईघाईनं केलेली. दर्शन झाल्याशिवाय ती त्यातला घासही घेणार नव्हती. एकादशीची दर्शनबारी, चार तास लागतील नाहीतर सहा. पोटात गोळी आणि बाकी काही नाही, म्हणजे काय होतं ते मी तिला कितीदा सांगितलंय. आधी घाम, मग हाताला कापरं, मग डोळ्यांपुढे अंधारी. मागच्या वैशाखात ती बारीतच खाली बसली होती आणि कुणा अनोळखी बाईनं तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला होता. ही हकिगत सांगताना आई त्या बाईला ‘रखुमाई’ म्हणते.

भांडण तिथूनच सुरू झालं.

“गोळी तरी घेऊ नकोस मग.”

“डॉक्टरांनी दिलीय.”

“उपास करू नका, असंही डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“ते त्यांना सांगावंच लागतं.”

“आणि या खेपेला कुणी गूळ दिला नाही तर?”

“देतं कुणीतरी.”

मी संख्याशास्त्र शिकवते. कुणीतरी देतं, असं कोण म्हणतं? ज्यांना मिळालं ते. ज्यांना मिळालं नाही ते सांगायला परत येत नाहीत. हे मी तिला म्हणालेही, आणि म्हणताना माझा आवाज वर्गातल्यासारखा झाला. समोरच्या बाकावरचे काका वर्तमानपत्रातून डोकावले. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुझ्या मुलांना शिकव ते. परीक्षेला येत असेल.”

पुढची पंचवीस-तीस मिनिटं आम्ही ज्या वाटेनं गेलो ती कोणत्याही घरातली मळलेली वाट आहे. देव आहे तर बाबांचं असं का झालं, हा माझा जुना प्रश्न. सगळ्यांचीच माणसं जातात, हे तिचं जुनं उत्तर. मग मी तिला डिवचलं. देव राहू दे, म्हटलं, तू ज्यावर डोकं ठेवतेस तो आता धड दगडसुद्धा नाही. माणसांच्या हातांनी मूर्तीची झीज होते, म्हणून तिच्यावर रासायनिक लेप चढवतात. 2020 साली टाळेबंदीत देऊळ बंद होतं तेव्हाही चढवला. त्याला नाव ‘वज्रलेप’ असं पौराणिक दिलंय, पण काम प्रयोगशाळेतलं आहे. म्हणजे तुझा हात लागतो तो लेपाला.

“तुझ्या आजीला कवळी होती,” आई म्हणाली. “तिनं चावलेलं तिच्या पोटात जात नव्हतं का?”

समोरचे काका हसले. मीही हसले असते, पण हरल्यावर माणसाला हसू येत नाही.

*

इथे थोडं थांबून भांडणाच्या भाषेबद्दल बोलायला हवं. आम्ही दोघी इतकी वर्षं भांडतोय ते एकाच गोष्टीबद्दल नाही, असा मला अलीकडे संशय येऊ लागलाय.

“तुझा देवावर विश्वास आहे का?” हे वाक्य मराठी असलं तरी आमच्या घरात ते कधी कुणी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. सोयरीक जुळवताना, नव्या शेजारणीशी ओळख करून घेताना विचारतात ते वेगळं. “तुमच्याकडे गणपती किती दिवस?” “तुमच्यात नवरात्र असतं का?” उत्तरही तसंच येतं, आमच्याकडे असतं किंवा आमच्यात नसतं. त्यात खरं-खोटं काही नसतं, फक्त असणं-नसणं असतं, अंगणात विहीर असावी तसं. वारकऱ्यांची क्रियापदं तर आणखी हातापायांची आहेत. माळ घालतात, एकादशी धरतात, वारी करतात, नेम पाळतात, आणि चुकला तर नेम चुकतो. त्यात कुठेही डोक्यात एखादं विधान बाळगायचं आणि त्याला होकार भरायचा, असं काम सांगितलेलं नाही. ‘मानणं’ तेवढं आहे. ‘मी देव मानत नाही’ असं आपण म्हणतो खरं. पण त्यातही ‘मान’ आहेच. पाहुण्याला मानतात, वडीलधाऱ्याला मानतात; तो अस्तित्वात आहे का याची चौकशी करून नव्हे.

आई नवस बोलत नाही. माझ्या बारावीच्या वेळी नाही, बाबांच्या आजारपणात नाही. नवसाची तर तुकोबांनीच टर उडवलेली आहे, तेव्हा त्या बाबतीत ती पक्की वारकरी. शुद्ध एकादशीला पंढरपूर, एवढं ती धरून आहे. याला मी इतकी वर्षं ‘श्रद्धा’ समजत आले आणि माझ्या परीनं तिच्या पुराव्यांची तपासणी करत राहिले. तिच्या बाजूनं पाहिलं तर ते असं असणार, की तिनं विहिरीवरून पाणी आणायचं आणि मी दारात उभी राहून पाण्याचं रासायनिक सूत्र विचारायचं.

पण एवढ्यावर लेख संपवला तर तो आईच्या बाजूनं फारच सोपा होईल. कारण आमच्याच घरात एक माणूस असा होऊन गेला की ज्याचा देवाविषयी अगदी नेमका, शब्दांत सांगता येणारा, खरा किंवा खोटा ठरू शकणारा विश्वास होता. ते म्हणजे आईचे वडील, माझे आप्पा.

*

ते बार्शीचे. घर सोवळ्याचं. दर महिन्याला वारी, आणि ती बार्शी लाइटनं. ही अडीच फूट रुळांची छोटी गाडी 1897 साली बार्शी ते कुर्डुवाडी सुरू झाली आणि 1906 मध्ये पंढरपूरपर्यंत आली. आज मोठ्या रुळांवरून आम्ही जात होतो तो मोडनिंब, आष्टीचा मार्ग मूळचा तिचाच. गाडी इतकी हळू जायची की उतरून, शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढता यायचं, असं आई सांगते. अशा गाड्यांबद्दल सगळेच असं सांगतात, तेव्हा हरभऱ्याची खात्री मी देत नाही.

1947 च्या मे महिन्याआधीचे चार-पाच महिने साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरत होते. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडं करा, एवढीच मागणी. ज्या देवाला संतांनी सगळ्यांची माउली म्हटलं त्याच्या दारातून काही लेकरं शेकडो वर्षं परत पाठवली जात होती. 1 मे रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, 10 मे रोजी ते सुटलं. देऊळ खुलं झालं.

मग पंढरपुरात एक गोष्ट पसरली, ती अजूनही सांगतात. हरिजन आत शिरायच्या आधी काही शास्त्री मंडळींनी मंत्र म्हणून मूर्तीतलं देवत्व पाण्याच्या घागरीत काढून घेतलं. म्हणजे गाभाऱ्यात राहिला तो नुसता दगड, देव घागरीत.

आप्पांनी ते खरं मानलं. आणि इथे त्यांच्या बाबतीत एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की ते त्याला जागले. त्यांनी वारी सोडली नाही. महिन्याच्या महिन्याला बार्शी लाइटनं यायचे, चंद्रभागेत अंघोळ करायचे, महाद्वारापाशी नामदेव पायरीसमोर उभे राहायचे, मान वर करून कळसाला हात जोडायचे आणि परतीची गाडी धरायचे. 1947 पासून 1983 मध्ये ते गेले तोवर, म्हणजे छत्तीस वर्षं, एकदाही आत नाहीत. त्यांच्यासारखे कळसदर्शन करणारे आणखीही काही होते. मी लहानपणी त्यांच्याबरोबर तिथे उभी राहिलेय. माझी समजूत अशी होती की देव कळसातच असतो आणि आत जातात ते लोक काहीतरी विकत घ्यायला जातात.

आप्पा उभे राहायचे ती जागा कुठली, हे मला फार पुढे कळलं. नामदेव पायरीसमोर चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले, 1338 साली. परंपरा सांगते की नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली. त्या अस्थी महाद्वाराबाहेर पुरल्या. जिवंतपणी जितपत येऊ दिलं होतं तितपतच जवळ, पायरीच्या अलीकडे. चोखोबांनंतर सहा शतकं त्यांची माणसं इथूनच कळस पाहून परत जात होती. ती आत जाऊ लागली तेव्हा माझे आप्पा त्यांच्या रिकाम्या जागेवर येऊन उभे राहिले, स्वतःच्या पायांनी, कुणी न अडवता. जातीचा अहंकार माणसाला शेवटी कुठे नेऊन उभं करतो याचं याहून नेमकं चित्र मला कुठे सापडलेलं नाही. आप्पांना ते कधी दिसलं का, मला माहीत नाही. समाधीकडे त्यांची पाठ असायची की तोंड, हेही आता आठवत नाही.

*

हे सगळं मी त्या सकाळी आईवर फेकलं. मोडनिंब गेलं होतं. तू ज्या नेमाचं एवढं कौतुक करतेस, म्हटलं, तो नेम आप्पांचाही होता. एक वारी चुकली नाही त्यांची. काय उपयोग झाला? नेमानं माणूस सुधारत नाही, आहे तसा घट्ट होतो. आणि तू त्यांचीच मुलगी. तुम्हाला शिकवलं ते तुम्ही करत आलात, एकानं बाहेरून, एकीनं आतून.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मला कुणी शिकवलं नाही. मी चोरून गेले.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

नऊ वर्षांची होती ती. आप्पा तिला वारीला घेऊन आले होते, महाद्वारापाशी उभे होते, डोळे मिटून. त्यांचं पुटपुटणं बराच वेळ चालायचं. घागरीची गोष्ट तिनं घरात ऐकलेली होती. शेजारून बायकांचा एक जथा पायऱ्या चढत होता, ती त्यात घुसली. लुगड्यांच्या गर्दीतून आत, गर्दी ढकलेल तिकडे, कुठे वळायचं ते माहीत नाही. आत अंधार, तेलाचा आणि बुक्क्याचा वास. मग कुणीतरी तिला काखेत धरून उचललं आणि तिचं डोकं खाली दाबलं.

“मग?”

“मग काय. गार होतं.”

“म्हणजे?”

“दगड गार होता. ओला होता. तुळस चिकटली कपाळाला. तेवढ्यात दुसऱ्याचं डोकं आलं.”

“आणि? काही वाटलं?”

“नाही गं. तेच तर.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी बघायला गेले होते, आप्पा म्हणतात ते खरं का खोटं. देव आहे का घागरीत गेला. हात लावला की कळेल असं वाटलेलं. नाही कळलं.”

बाहेर आली तेव्हा आप्पांचे डोळे अजून मिटलेलेच होते. तिनं कपाळावरची तुळस काढून तोंडात टाकली, कुणाला दिसू नये म्हणून. त्यांना ती कधीच बोलली नाही. लग्न होऊन आमच्या घरी आल्यावर स्वतःची वारी धरली, आणि धरली ती थेट आतली. आप्पांना कळलं तेव्हा ते चार महिने तिच्याशी बोलले नव्हते. हे चार महिने मला ऐकून माहीत होते. आजारपण की पैशांचं काहीतरी, असं मी समजत होते.

“म्हणजे तू अजून ते बघायलाच जातेस?” मी विचारलं. “आहे का नाही?”

“आता तसं नाही राहिलं. पण एकदा हात लावला ना, मग लावायचा राहिला असं वाटतं.”

मी म्हटलं, “पुंडलिकानं तर मागे वळूनही पाहिलं नाही. आईबापांची सेवा करत बसला, देवाला ताटकळत ठेवलं. आणि तुमच्या सगळ्या क्षेत्राचा तो आद्य भक्त.”

“बघितलं नाही. पण वीट टाकली ना त्यानं.” आई म्हणाली. “ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. तू आणि आप्पा, तुमच्यानं वीट टाकवत नाही. तुमचं आधी ठरायला हवं.”

“मी आणि आप्पा?”

“तू नाही का बाहेर उभी राहत? मी आत जाते तेव्हा कुठे असतेस?”

मी कुठे असते? पिशव्या आणि चपला सांभाळत महाद्वारापाशी. अकरा वर्षं झाली, बाबा गेल्यापासून तिला एकटीला सोडवत नाही म्हणून मी येते, आणि दरवेळी तिथेच उभी असते. नामदेव पायरीसमोर.

माझं तोंड उघडलं, कारण फरक ढळढळीत होता आणि तो मला सांगता येत होता. आप्पा बाहेर राहिले ते आत कोण जाऊ लागलं म्हणून. मी बाहेर राहते ते आत कुणीच नाही असं मला वाटतं म्हणून. त्यांच्या बाहेर राहण्यात दुसऱ्या माणसाचा अपमान होता, माझ्यात नाही. ही दोन कारणं एका तागडीत घालणं अन्याय आहे. आजही, हे लिहिताना, मी त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही.

पण त्या वेळी मी तो बोलले नाही. हातातलं उत्तर बरोबर होतं आणि तरी ते तिच्या बोलण्याचं उत्तर नव्हतं, एवढं मला कळलं. ती कारणांबद्दल बोलत नव्हतीच. एक नऊ वर्षांची मुलगी, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं सगळ्यात पक्कं मत तपासायला चोरून आत गेली होती. पुरावा हाताला लागला नाही, तर तिनं ‘आहे’ म्हटलं नाही, ‘नाही’ही म्हटलं नाही. माझ्या विषयात याला जे नाव आहे ते मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहिते. आमच्या घरात प्रयोग करून पाहणारी माणसं माझ्यापासून सुरू झाली, असं मी आजवर धरून चालले होते.

आई माझ्याकडे बघत नव्हती. बहुधा ‘आप्पा’ म्हणाल्याचं तिलाही जड झालं असावं. तिच्या तोंडी तो शब्द शिवी नव्हता. चार महिने न बोलणाऱ्या बापाचं काहीतरी तिला आपल्या मुलीत दिसत होतं, हे तिनं किती वर्षं मनात ठेवलं होतं कोण जाणे.

आष्टी आलं. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि वरची पिशवी काढून मांडीवर घेतली. पलीकडच्या भागात कुणाच्या तरी फोनवर भजन चाललं होतं, मध्येच फोन आला की थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. आईनं पिशवीतून खडीसाखरेची पुडी काढली. एक खडा तोंडात टाकला, एक माझ्यापुढे धरला. मी घेतला. तो विरघळेपर्यंत काही बोलायचं कारण नव्हतं.

नदी जवळ आली की आई पदराच्या गाठीतून नाणं काढते. भीमेच्या पुलावर गाडी आली की ते गजांतून बाहेर टाकायचं, दरवेळी. मीही दरवेळी म्हणते की पूर्वी नाणी तांब्याची असत तेव्हा पाणी शुद्ध होतं असं लोक सांगत, आता ती स्टीलची आहेत, तेव्हा त्या निमित्तालाही अर्थ उरलेला नाही. ती दरवेळी म्हणते, बरं.

पुलाचा आवाज सुरू झाला. खाली पाणी कमी होतं, वाळूत पाय रोवून दोन म्हशी उभ्या होत्या. मी तिच्या मुठीकडे पाहिलं. नाणं मुठीत होतं, अंगठ्यानं ती त्याच्यावरून हात फिरवत होती, आणि नजर बाहेर होती पण नदीवर नसावी. टाक, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात आवाज बदलला. पूल संपला होता.

तिच्या ते दोन क्षणांनी लक्षात आलं. मूठ उघडून तिनं नाणं पाहिलं, मग पदराचं टोक ओढून घेतलं आणि पुन्हा गाठ मारली. गाठ घट्ट बसेना. मी हात पुढे करून टोक धरलं, तिनं फास ओढला.

“चपला बाकाखाली गेल्यात,” ती म्हणाली. मी वाकून काढल्या.